बुबुळाचं अर्धं काम, की अर्धवट काम?

पत्र

डॉक्टरबाई, मी डिचोलीची, वय 61, शाळेतून निवृत्त. गेली दोन वर्षं सकाळी उठल्यावर सगळं धुकट दिसतं. पाववाला पोदेर दारात आला तरी त्याला भोंग्यावरून ओळखते, चेहरा दिसत नाही. सातच्या बसचा बोर्ड वाचता येत नाही. दहा-साडेदहापर्यंत आपोआप स्वच्छ होतं. पावसाळ्यात मात्र जेवणवेळ होते. आधी मोतीबिंदू म्हणाले. मग दुसरीकडे तपासलं, तर "फुक्स डिस्ट्रॉफी" लिहून दिलं. कागदावर बुबुळाची जाडी उजवी 642, डावी 588 अशी आहे. पेशी डाव्या डोळ्यात 1100, उजव्यात "मोजता आल्या नाहीत". एक डॉक्टर म्हणतात पूर्ण बुबुळ बदलावं लागेल. दुसरे म्हणतात फक्त मागचा थर बदलू. मला वाटतं, बदलायचंच तर पूर्ण का नको? अर्धं बदललं आणि पुन्हा बिघडलं तर? मुलगा पुण्याला असतो, तिथे करून विमानाने परत येता येईल का? आणि मोतीबिंदूचं काय?

— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर

बाई, पहिल्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला तो बहुधा आहेही, पण तुमच्या पत्रातलं सकाळचं धुकं त्याचं नाही. मोतीबिंदू घड्याळ बघत नाही. तो सकाळी जितका असतो तितकाच दुपारी असतो. सकाळी वाईट आणि दुपारी बरं असा ज्याचा दिनक्रम असतो, तो आजार पाण्याचा. तुम्ही पोदेराचं आणि बसच्या बोर्डाचं जे लिहिलंत, त्यावरूनच निम्मं निदान होतं.

डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेला आपण बोलताना बुबुळ म्हणतो. ती मध्यभागी साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते, म्हणजे सरासरी 540 मायक्रॉन. ती काचेसारखी दिसते कारण तिला नेमकं हवं तेवढंच पाणी ठेवलेलं असतं, त्याहून थेंबभर जास्त नाही. डोळ्याच्या आतलं पाणी तिच्यात सतत झिरपत असतं, आणि तिच्या पाठीला चिकटलेला पेशींचा एकच थर ते सतत बाहेर उपसत असतो. या थराला एंडोथेलियम म्हणतात. आपल्या खाजन शेतीसारखंच समजा. बांधातून पाणी झिरपायचंच, ते काही थांबत नाही. पाणी बाहेर सोडणारं बांधातलं दार, म्हणजे मानस, वेळच्या वेळी चालते तोवर शेत शेत राहतं, नाहीतर खाडी होते. फरक एवढाच की मानशीतून ओहोटीला पाणी आपलं आपण जातं, इथे मात्र पेशींना ते राबून उपसावं लागतं.

या पेशी पुन्हा नव्याने तयार होत नाहीत. कातडी खरचटली तर भरते, हा थर भरत नाही. एक पेशी मेली की शेजारच्या पसरून तिची जागा झाकतात, पण संख्या कमी झाली ती कमीच. तरण्याताठ्या माणसात चौरस मिलिमीटरला अडीच-तीन हजार असतात आणि वयाबरोबर हळूहळू घटतात. तुमच्या आजारात त्या वेगाने मरतात. शिवाय ज्या पातळ पडद्यावर त्या बसलेल्या असतात, त्यावर गाठीगाठी उगवतात. 1910 मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स यांनी हे वर्णन लिहिलं, म्हणून त्यांचं नाव. आमच्या यंत्रातून हा पडदा बघितला की मला माझ्या आजीचा ठोकणीचा तांब्या आठवतो. हातोडीच्या खुणांनी भरलेला, उजेड पडला की ठिकठिकाणी चमकणारा. उजव्या डोळ्यात "मोजता आल्या नाहीत" लिहिलंय ते यासाठीच. गाठी एकमेकींना भिडल्या की यंत्राला पेशी दिसतच नाहीत. ते मशीन खराब नव्हतं.

मग सकाळीच का? दिवसा डोळा उघडा असतो आणि बुबुळावरचं पाणी वाऱ्याने उडत राहतं. त्या वाळण्याने थकलेल्या पेशींना हातभार लागतो. रात्री सात-आठ तास पापण्या मिटलेल्या, म्हणजे वाळणं बंद, आणि सगळा भार पेशींवर. ज्यांच्या पेशी धडधाकट, त्यांचं बुबुळही झोपेत किंचित फुगतं, पण डोळे उघडल्यावर थोड्या वेळात सावरतं. तुमचं सावरायला दहा वाजतात. पावसाळ्यात हवाच इतकी ओली की काही वाळायलाच तयार नसतं, दोरीवरचे कपडे नाहीत आणि बुबुळही नाही. तुमची जेवणवेळ झाली ती यामुळे. आजार पावसात वाढला नाही, त्याला मिळणारी मदत कमी झाली.

आता तुमचे आकडे. उजवीकडे 642 म्हणजे सरासरीपेक्षा शंभर मायक्रॉन जास्त. पण यावर लगेच शिक्का मारू नये. काही लोकांचं बुबुळ जन्मतःच जाड असतं. मला त्यापेक्षा फरक हवा असतो, म्हणजे त्याच डोळ्याची, त्याच यंत्रावर, सकाळी लवकर आणि त्याच दिवशी दुपारी मोजलेली जाडी. सकाळी 670 आणि दुपारी 630 अशी तफावत आली तर उपसा कमी पडतोय हे उघड. अडचण अशी की डिचोलीहून बांबोळीला किंवा पणजीला पोचून नंबर लागेपर्यंत दहा वाजतात आणि तोवर बुबुळ सावरलेलं असतं. तेव्हा तक्त्यावरची बारीक ओळही वाचता येते, आणि डॉक्टर म्हणतात, "चांगलं दिसतंय की!" माझ्या पेशंटांना मी सांगते, पहिला नंबर घ्या, कुणाला तरी सोबत आणा आणि येताना गाडीत डोळे मिटून बसा. लोक हसतात, पण पापणी मिटलेली असली की सूज टिकते.

घरी दुसरी एक गोष्ट करा. भिंतीवरचं कॅलेंडर ठरावीक अंतरावरून, एकेक डोळा झाकून वाचा. ज्या वेळी तारखेखालची बारीक तिथी वाचता आली ती वेळ त्याच चौकोनात पेन्सिलीने लिहा, उजव्याची वेगळी, डाव्याची वेगळी. महिनाभराचं ते पान डॉक्टरांना दाखवा. एका भेटीतल्या मोजणीपेक्षा त्यातून जास्त कळतं. उजव्याची वेळ नऊवरून अकरावर, मग बारावर सरकत असेल तर वाट बघण्याचे दिवस संपत आले.

"बदलायचंच तर पूर्ण का नको" हा प्रश्न मला फार जण विचारतात. त्याला उत्तर म्हणून मी एका कुळागरवाल्यांची गोष्ट सांगते. फोंडा तालुक्यातले, आज सत्तरीत. दोन्ही डोळ्यांना तुमचाच आजार. उजवा डोळा 2006 मध्ये झाला, पूर्ण बुबुळ बदलून. डावा 2019 मध्ये, फक्त मागचा थर बदलून. माणूस तोच, आजार तोच, शस्त्रक्रिया दोन.

पूर्ण बदलायचं म्हणजे बुबुळाच्या मधोमध पावणेआठ-आठ मिलिमीटरची गोल चकती आरपार कापून काढायची आणि दात्याच्या बुबुळातली तशीच चकती त्या जागी शिवायची. चकती काढल्यापासून नवी शिवेपर्यंत डोळा वरून अक्षरशः उघडा असतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत पेशंट खोकला, रक्तदाब चढला, तर आतलं सगळं बाहेर येण्याचा धोका असतो. क्वचित घडतं, पण घडलं तर डोळा जातो. मग केसाहून बारीक नायलॉनचे सोळा टाके. प्रत्येक टाक्याचा ताण थोडा कमीजास्त होतोच, त्यामुळे नवं बुबुळ स्वच्छ असूनही वाकडं बसतं. आमच्या कुळागरवाल्यांना टाके टप्प्याटप्प्याने काढून चष्मा ठरायला चौदा महिने लागले. त्या चष्म्यात तिरका नंबर पाच. पायऱ्या उतरताना जमीन कलल्यासारखी वाटायची, असं ते सांगत.

याहून मोठी गोष्ट पुढे घडली. आरपार कापलेलं बुबुळ भरतं, पण त्याला मूळची ताकद कधीच येत नाही, दहा वर्षांनी नाही आणि वीस वर्षांनीही नाही. 2013 मध्ये कुळागरात वाकलेले असताना सुपारीची वाळलेली झावळी त्या डोळ्यावर पडली. साध्या डोळ्याला फार तर काळानिळा डाग पडला असता. त्यांची जुनी जखम अर्ध्या गोलात उसवली. शिवून डोळा वाचवला, पण नजर बोटं मोजण्याइतकीच उरली.

2019 मध्ये डाव्या डोळ्याची वेळ आली तेव्हा ते तुमच्या अगदी उलट म्हणाले, "बुबुळाला हात लावू नका." त्यांना समजावलं की बुबुळाची पुढची काच तुमची तुमच्याकडेच राहील. बिघाड फक्त पाठीमागच्या थरात आहे, म्हणून तेवढाच बदलायचा. बुबुळाच्या कडेला चार-पाच मिलिमीटरचा छेद घेतला, आत हवा भरली आणि बारीक आकड्याने गाठींनी भरलेला जुना पडदा आठ मिलिमीटरच्या गोलात सोलून बाहेर काढला. दात्याच्या बुबुळाचा मागचा पातळ काप दुमडून आत सरकवला, आत उलगडला आणि खाली हवेचा बुडबुडा सोडून वर दाबून बसवला. थराला एकही टाका नाही, कडेच्या छेदाला तेवढे दोन-तीन. मग पाठीवर निजून छताकडे बघत राहायचं, कारण हवा वर जाते आणि थराला वर ढकलून धरते. नंतर त्या नव्या पेशींनी पाणी उपसायला सुरुवात केली की तो थर स्वतःच्याच ओढीने चिकटून बसतो. मला या शस्त्रक्रियेतली हीच गोष्ट फार आवडते. लावलेली वस्तू चिकटते ती तिच्याच कामामुळे.

तिसऱ्या दिवशी त्यांची एक कड सुटलेली दिसली, मागे पाण्याची चीर. पुन्हा टेबलावर घेऊन पंधरा मिनिटांत हवेचा बुडबुडा पुन्हा भरला, आणि तो चिकटला. सहाव्या आठवड्याला ते त्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचत होते, चष्म्याचा नंबर किरकोळ. चौदा महिने आणि सहा आठवडे, या दोन आकड्यांपुढे मला फारसं काही बोलावं लागत नाही.

तेव्हा बाई, अर्धं बदलणं म्हणजे अर्धवट काम नव्हे. छपराचं एक नळं फुटलं म्हणून कुणी घर पाडत नाही. आणि "पुन्हा बिघडलं तर" याचं उत्तर असं की तो थर पुन्हा सोलून दुसरा बसवता येतो, पुढची काच तशीच असते. पूर्ण बुबुळ बिघडलं की मात्र दुसऱ्यांदा सगळं आरपार करावं लागतं, आणि प्रत्येक वेळी शरीर ते नाकारण्याची शक्यता वाढत जाते.

नाकारण्याबद्दल एकच आकडेवारी सांगते. अमेरिकेतल्या एका केंद्राने 2012 मध्ये आपल्या तिन्ही प्रकारच्या रोपणांची तुलना छापली. दोन वर्षांत पूर्ण बुबुळात शंभरात सुमारे 18 जणांना शरीराने नाकारण्याचा झटका आला, मागच्या जाड कापात 12 जणांना आणि सगळ्यात पातळ थरात जेमतेम एकाला. झटका आला म्हणजे रोपण गेलंच असं नाही. वेळेत स्टेरॉइडचे थेंब वाढवले तर बरेचसे सावरतात.

"तिन्ही प्रकार" म्हटलं ते उलगडून सांगते. मागचा थर दोन तऱ्हांनी बसवतात आणि तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी कोणती म्हटली ते पत्रावरून कळत नाही. एक डीसेक. यात पेशींच्या थरासोबत बुबुळाचा थोडा गाभाही येतो, शंभर-दीडशे मायक्रॉनचा काप. कुळागरवाल्यांचा हा होता. हाताळायला सोपा, कारण त्याला अंग असतं. दुसरी डीमेक. यात फक्त पडदा आणि त्यावरच्या पेशी, दहा-पंधरा मायक्रॉन. कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पापुद्रा आठवा, त्याहूनही नाजूक. नजर यात सगळ्यात लवकर आणि सगळ्यात तीक्ष्ण येते, कारण मधे परक्या गाभ्याचा सांधा नसतो. पण तो पापुद्रा पाण्यात सोडला की उदबत्तीच्या कागदासारखा गुंडाळतो, पेशींची बाजू बाहेर ठेवून. निळ्या रंगात बुडवून तो दिसता करावा लागतो आणि डोळ्यात गेल्यावर हात न लावता, नुसत्या पाण्याच्या झोताने आणि बाहेरून टिचक्या मारून उलगडावा लागतो. उलटा उलगडला तर पेशी चुकीकडे तोंड करून बसतात आणि बुबुळ कधीच स्वच्छ होत नाही. म्हणून त्यावर आधीच एखादं अक्षर छापतात. ते आरशातल्यासारखं उलटं दिसलं की समजायचं थर उलटा आहे.

यात एक गंमत आहे. तरुण दात्याचा पापुद्रा फार घट्ट गुंडाळतो, उलगडता उलगडत नाही. पन्नाशीपुढच्या दात्याचा सैल असतो. त्यामुळे डीमेकसाठी आम्ही म्हाताऱ्या माणसाचे डोळे मागून घेतो, फक्त पेशींची संख्या चांगली हवी. "आमच्या आजोबांचे डोळे कोण घेणार" असं म्हणणाऱ्या घरांना मी हे मुद्दाम ऐकवते.

डीमेकमध्ये कड सुटून पुन्हा हवा भरण्याची वेळ जास्त येते. सर्जन आणि पेशंट बदलले की आकडा बदलतो, पण दहातल्या एका-दोघांना ती येऊ शकते हे मनात ठेवून टेबलावर जावं. तो अपयशाचा पुरावा नव्हे. शिवाय पहिल्या सहा महिन्यांत बसवलेल्या पेशींतल्या सुमारे एक तृतीयांश जातात, त्यानंतर घट मंदावते. म्हणून दात्याच्या पेशी मुळात भरपूर हव्यात. "दात्याच्या पेशी किती, वय किती" हे विचारायला संकोचू नका. आयबँकेच्या कागदावर लिहिलेलं असतं.

आता पूर्ण बुबुळ बदला म्हणणाऱ्या डॉक्टरांची बाजू. ते चुकीचं सांगतायत असं मी इथे बसून म्हणणार नाही. मागचा थर बदलून पाणी जातं, पण डाग जात नाही. वर्षानुवर्षं फुगून राहिलेल्या बुबुळाच्या पुढच्या भागात पांढरट वण बसतो, आणि तसा खोल वण असेल तर पूर्ण बुबुळ बदलणंच बरोबर. त्यांना एकच विचारा: "माझ्या बुबुळात वण आहे का, आणि दुपारी दिसतो का?" दुपारी तुम्हाला स्वच्छ दिसतं, म्हणजे मोठा वण असण्याची शक्यता कमी. ते म्हणाले "वण नाही, पण आम्ही मागच्या थराचं करत नाही," तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. मग जे करतात त्यांच्याकडे चिठ्ठी मागून घ्या. आणि "अर्धं बदलू" एवढंच ऐकून सही करू नका. पुढचा अर्धा भाग बदलण्याचीही शस्त्रक्रिया असते, तिला डाल्क म्हणतात. ती वेड्यावाकड्या बुबुळासाठी आणि पुढच्या वणासाठी. त्यात पाठीचा थर तुमचाच राहतो, म्हणजे तुमच्या आजारात तिचा काडीचा उपयोग नाही.

मोतीबिंदूचं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू एकटाच काढला तर त्या शस्त्रक्रियेत आणखी पेशी जातात आणि काठावरचं बुबुळ कायमचं फुगू शकतं. मग धुकं दुपारी जात नाही, रात्रीही जात नाही. तुमचे आकडे आणि लक्षणं जुळवली तर उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आणि मागचा थर एकाच बैठकीत करणं मला योग्य वाटतं. तो निर्णय तपासणाऱ्याचा, पण तीन गोष्टी बोलून घ्या. लेन्स साधी, एकाच अंतराची घ्या. दूर-जवळ दोन्ही दाखवणारी महाग लेन्स तुमच्यासारख्या बुबुळामागे उजेड आणखी विखुरते. लेन्स हायड्रोफोबिक जातीची घ्या. पाणी शोषणाऱ्या जातीची लेन्स डोळ्यात भरलेल्या हवेमुळे पुढे पांढरी पडल्याची उदाहरणं आहेत, आणि मग तीही काढावी लागते. आणि लेन्सचा नंबर थोडा जवळच्या बाजूचा धरायला सांगा. मागच्या थराच्या रोपणानंतर डोळा अधिक नंबराकडे सरकतो, डीसेकमध्ये साधारण एक-सव्वा नंबराने, डीमेकमध्ये अर्ध्याने. हे आधी धरलं नाही तर नजर स्वच्छ येते, पण चष्मा जाड.

पुण्याचं. करून घ्या, पण डोळ्यात हवा असताना विमान नाही. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातला बुडबुडा फुगतो आणि डोळ्याचा दाब चढतो. साधी हवा चार-पाच दिवसांत विरते, पण काही सर्जन जास्त टिकणारा गॅस वापरतात, तो दीड आठवडाही राहतो. काय भरलं ते विचारून कागदावर लिहून घ्या. गाडीने यायचं म्हणाल तर चोर्ला किंवा आंबोलीचा घाटही बुडबुडा असेपर्यंत सर्जनना विचारल्याशिवाय नको. तशीही कड सुटलीच तर बहुधा पहिल्या आठवड्यात सुटते, म्हणून तेवढे दहा-बारा दिवस मुलाकडेच राहा. शस्त्रक्रियेच्या रात्री डोळा आणि कपाळ फुटेल असं दुखलं, उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका. बुडबुडा बाहुलीच्या तोंडाशी अडकून दाब चढल्याचं ते लक्षण. थोडी हवा काढली की तासाभरात उतरतो, उशीर झाला तर नस जाते.

नंतर स्टेरॉइडचे थेंब बरेच महिने, आधी दिवसातून अनेकदा, मग कमी करत एकदावर. माझ्या अनुभवात रोपणं बिघडतात ती बहुतेक वेळा "आता बरं आहे" म्हणून थेंब सोडल्यामुळे. उलट बाजूही आहे. याच थेंबांनी काही जणांत डोळ्याचा दाब वाढतो आणि काचबिंदूची तयारी होते, म्हणून दर भेटीत दाब मोजायला सांगा. डोळा लाल झाला, उजेड सोसवेना, नजर पुन्हा धुरकट झाली, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी फोन करा. सकाळचं धुकं परत आलं तर तोही निरोपच.

तोवर काय करायचं? पाच टक्के मिठाचे थेंब मिळतात. उठल्यापासून दोन-तीन तासांत तीन-चार वेळा घाला, रात्री त्याचंच मलम. ते बुबुळातलं पाणी ओढून घेतात, चुरचुरतात, पण चालतं. आजार थांबवत नाहीत, सकाळ थोडी लवकर करतात. महिनाभरात कॅलेंडरवरची वेळ हलली नाही तर बंद करा, उगाच डोळे जाळू नका. केस वाळवायचं यंत्र हातभर लांब धरून, गार किंवा कोमट वाऱ्यावर, दोन-तीन मिनिटं तोंडावर सोडा. हसण्यासारखं वाटेल, पण हा डोळ्यांच्या डॉक्टरांचा जुना आणि कामाचा उपाय आहे. सकाळी डोळ्यात एकदम काच गेल्यासारखी टोचणी, पाणी आणि दुखणं सुरू झालं तर बुबुळावर पाण्याचे फोड येऊन फुटतायत असं समजा आणि लवकर दाखवा. फोड वारंवार फुटत राहिले की वण बसतो, आणि मग पूर्ण बुबुळ बदला म्हणणाऱ्या डॉक्टरांचंच म्हणणं खरं करण्याची वेळ येते.

मुलालाही एकदा दाखवून ठेवा. बऱ्याच घराण्यांत हा आजार आईबापाकडून उतरतो. त्रास पन्नाशीच्या पुढे होतो, पण गाठी आधीपासून दिसतात.

डाव्या डोळ्याची घाई नको. 588 जाडी, 1100 पेशी आणि दुपारी स्वच्छ दिसतंय, म्हणजे तो अजून तग धरून आहे. उजवा स्थिरावू दे, तीन-चार महिने जाऊ देत. डाव्याची पेन्सिलीची नोंद मात्र चालू ठेवा, आणि पाऊस ओसरल्यावर एकदा त्याची जाडी सकाळ-दुपार मोजून घ्या. कारण आत्ताच्या जेवणवेळेतला पावसाचा वाटा किती आणि आजाराचा किती, ते कोरड्या महिन्यातच कळेल.